कमरेच्या बटव्यातल्या दोन पत्र्या

भगवंतरावांची एक खोड होती. एखादी गोष्ट ठाऊक नसली की लोक गप्प बसतात, नाहीतर दुसऱ्याकडं बोट दाखवतात. भगवंतराव छाती पुढं काढून म्हणायचे, "मले माईत हाये." रस्ता विचारणाऱ्याला तर ते कधीच रिकामा जाऊ देत नसत. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची अख्खी बस त्यांनी वलगावऐवजी बडनेऱ्याला पाठवली होती, आणि अक्षता पडायच्या वेळेला नवरीकडची माणसं नवरदेव शोधत फिरत होती. त्यावर यांचं म्हणणं काय, तर ड्रायव्हरच बैताड होता.

अडतीस वर्षं कौशल्याबाईंनी हे ऐकलं. चौथी पास बाई, पण जीभ अशी की गल्लीतली भांडणं तिला बघून दुसऱ्या गल्लीत जायची. नवऱ्याला चारचौघांत बोलायचं नाही एवढा एकच नियम तिनं पाळला होता. घरात बोलायची, आणि ते चारचौघांना ऐकू जायचं, त्याला तिचा इलाज नव्हता.

अमरावतीत डेपोमागच्या गल्लीत भगवंतरावांचं सायकलचं दुकान होतं. काळ्या, जाड, दूधवाल्यांच्या सायकलींवर त्यांचा हात बसलेला. पंक्चर, वाकड्या चाकाचा आऊट काढणं, चेन जोडणं, हे डोळे मिटून. गेल्या चार-पाच वर्षांत गिअरच्या सायकली यायला लागल्या आणि भगवंतरावांचं "मले माईत हाये" दिवसातून दहादा ऐकू यायला लागलं.

त्यातली एक सायकल तर घरातच होती. सुनेची.

सीमा शाळेवर मास्तरीण. मागच्या वर्षी तिनं दोनशे किलोमीटरच्या राइडमध्ये नाव घातलं. अमरावतीहून पहाटे सहाला निघायचं, मूर्तिजापूर करून अकोल्याला जायचं, आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. संध्याकाळी साडेसातच्या आत पोचलं तर पोचलं, नाहीतर नाव खोडलं. सीमा अकरा मिनिटं उशिरा पोचली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव पडलं, अकरा मिनिटवाली.

खरं म्हणजे सुनेनं चापून बसलेली पँट घालून हायवेवर जायचं, याला पहिला विरोध कौशल्याबाईंचाच. पण समोरची जमुना एक दिवस पाण्याच्या नळावर म्हणाली, "काय व कौशल्या, अकरा मिनिटवाली यंदा बारा मिनिटं करते का?" तेव्हा कौशल्याबाईंनी बादली खाली ठेवली. म्हणाल्या, "यंदा नाई पोचली ना, तं वर्षभर तुयं पानी मी भरतो." आमच्या सुनेला हसायचा हक्क घरातल्यांचा, म्हणजे आपला एकटीचा, असं त्यांचं साधं मत होतं.

त्यामुळं ती राइड सीमाची होतीच, पण वर्षभराचं पाणी कौशल्याबाईंच्या कमरेवर होतं.

राइडच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, नवी चेन बसवायची होती. जुनी झिजून ताणली होती. सीमाला शाळेत मीटिंग होती. जाताना म्हणाली, "बाबा, नवी चेन डब्यात आहे. जुनीएवढ्या कड्या ठेवायच्या. चेन ब्रेकर टेबलावर ठेवलाय. आणि डब्यात क्विक लिंक आहे, तिनंच जोडा."

"मले माईत हाये," भगवंतराव म्हणाले.

कौशल्याबाई दुकानाच्या पायरीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. काम बघायला नव्हत्या बसल्या. पण डोळे काही सुपारीवर लागत नाहीत.

भगवंतरावांनी दोन्ही चेना भिंतीच्या खिळ्याला शेजारी-शेजारी टांगल्या. इथवर माणूस पक्का. जुनी चेन ताणलेली असते म्हणून नुसती लांबी बघायची नाही, कडी न् कडी मोजायची, हे त्यांना ठाऊक होतं. मोजली. नवीतल्या जास्तीच्या कड्या कुठून तोडायच्या तिथं खडूनं खूण केली. मग चेन ब्रेकर हातात घेतला. ते हत्यार म्हणजे मुठीएवढा लहानसा शिकंजा. खाचेत चेन बसवायची, मूठ फिरवायची, की शिकंज्याची सुई कडीतली पिन पलीकडं ढकलते. भगवंतरावांनी ते उलटं-सुलटं करून बघितलं, "पोराइचं खेळनं," म्हणाले, आणि हातोडी काढली. चेनीखाली एक नट ठेवला, पिनेवर पंच धरला, आणि ठाक ठाक. पिन पूर्ण बाहेर पडू दिली नाही. बाहेरच्या पत्रीत अर्धी अडकवून ठेवली, म्हणजे परत ठोकता येते. काळ्या सायकलीला असंच करायचं असतं.

मग त्यांनी चेनीच्या डब्यातली ती बारकी पुडी फोडली. आत दोन पत्र्या निघाल्या. जुळ्या बहिणींसारख्या एकसारख्या. प्रत्येकीला एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला लांबट भोक.

भगवंतरावांनी पुडी झटकली. डबा झटकला. खाली वाकून जमीन बघितली.

"काय शोधून राहिले?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"मासोळी."

काळ्या सायकलीच्या चेनीला जे लॉक येतं त्याचे तीन भाग असतात. दोन खुंट्यांची पत्री, वरची पातळ पत्री, आणि त्यावर बसणारी माशाच्या आकाराची स्प्रिंग. मासोळी नसली तर लॉक पहिल्या वळणाला सुटतं. भगवंतरावांनी आयुष्यात हजारो मासोळ्या बसवल्या होत्या, तोंड चालीकडं, शेपटी मागं. इथं मासोळीच नव्हती.

"कंपनी टाकाले इसरली," त्यांनी निकाल दिला. "हे असं झालं हाये आजकाल."

"मंग सीमाले फोन लावा."

"कायले? मले माईत नाई का चेन जोडाची?"

त्यांनी दोन्ही पत्र्या कचऱ्यात भिरकावल्या. चेन सायकलीवर चढवली, अर्धी अडकलेली पिन पुन्हा आत ठोकली. ती कडी ताठ झाली, वाकेना. मग चेन दोन्ही हातांनी आडवी हलवून, मोडून, वाकवून त्यांनी ती सैल केली. पेडल मारून बघितलं. फिरली.

कौशल्याबाईंनी उठून कचऱ्यातल्या त्या दोन पत्र्या उचलल्या, पदराला पुसल्या आणि कमरेच्या बटव्यात सुपारीशेजारी टाकल्या. चकचकीत वस्तू त्यांच्यानं फेकवत नसे. यामागं काही मोठी अक्कल होती असं त्यांनी पुढंही कधी म्हटलं नाही, आणि तसं म्हणायची त्यांना सवय नव्हती असंही नाही.

संध्याकाळी सीमा आली. चेन बघितली, डबा उघडून बघितला. "बाबा, क्विक लिंक?"

"लागली चेनीले," भगवंतराव म्हणाले. वर बघितलंही नाही.

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पान्याकडं बघितलं. आत्ता बोललं तर सुनेसमोर त्याची जाते, असा विचार त्यांनी केला आणि त्या गप्प बसल्या. हे गप्प बसणं त्यांना नंतर फार लागलं. कारण गप्प बसणं हा त्यांच्या अंगातला गुण नव्हता, आणि नसलेला गुण दाखवायला गेलं की असंच होतं.

रविवारी कौशल्याबाईंनी फर्मान काढलं, मूर्तिजापूरला जायचं. तिथं एका हॉटेलसमोर राइडवाल्यांची चौकी होती. जाताना एकदा आणि येताना एकदा तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा. एस.टी.त बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हणून त्या खिडकीत बसल्या आणि पूर्ण तिकीटवाल्या भगवंतरावांना कडेला बसवलं. त्यांनी सोबत हातोडी, पंच आणि पक्कड घेतली होती. "असलेलं बरं," म्हणाले. कौशल्याबाईंनी ज्वारीची भाकर आणि ठेचा घेतला होता.

चौकीवर गोपाळकृष्ण नावाचे एक रिटायर मास्तर टेबल मांडून बसले होते. शुद्ध बोलणारा, पांढरी टोपी घातलेला, नियमांचा माणूस. कौशल्याबाईंनी आल्या आल्या त्यांची उलटतपासणी घेतली.

"रस्त्यात कोनी पोरीले पानी देलं तं?"

"नाही चालत, काकू. मदत फक्त चौकीवर. रस्त्यात कुणाची गाडी मागून आली, सामान दिलं, सायकल दुरुस्त करून दिली, की नाव बाद."

"आन चौकीवर?"

"चौकीवर हवी तेवढी मदत करा."

"मंग ठीक हाये," कौशल्याबाई म्हणाल्या, "एवढ्यापुरते तुमचे नेम मले मान्य हायेत."

परत येताना इथं चारच्या आत शिक्का घ्यायचा होता. तीन वाजता पहिले सायकलवाले यायला लागले. सीमा नव्हती. सव्वातीनला एक पोरगा आला, म्हणाला, "त्या मॅडमची चेन तुटली. ढकलत येत आहेत."

भगवंतरावांच्या हातातला चहा तिथंच थांबला.

तीन पंचवीसला सीमा आली. घामानं चिंब, चेहरा लाल, सायकल हातानं ढकलत. दोन किलोमीटर भर उन्हात. चेन हँडलवर मेलेल्या सापासारखी लटकत होती. आधी तिनं टेबलावर कार्ड टाकलं, शिक्का घेतला, मगच खाली बसली.

"ठरवलेल्या वेळेच्या नऊ मिनिटं पुढं होते आई मी," एवढंच म्हणाली.

राहिले होते पन्नास किलोमीटर, आणि हातात चार तास पाच मिनिटं. चेन असती तर सहज. चेन नव्हती.

गोपाळकृष्णांनी चेन हातात घेतली. एका टोकाला बारीक, आतली कडी. दुसऱ्या टोकाला बाहेरच्या दोन पत्र्या, त्यातली एक वाकून उघडलेली आणि रिकाम्या भोकाभोवती फाटलेली. पिन कुठं रस्त्यावर पडली कुणास ठाऊक. ते म्हणाले, "ही पिन काढून परत ठोकलेली होती. या चेनीत पिनेची टोकं कारखान्यात फुलवलेली असतात. एकदा बाहेर काढली की ते फूल तुटतं, मग ती पत्री धरून राहत नाही. गिअर बदलताना सुटणारच. कोणी जोडली ही?"

सगळ्यांनी भगवंतरावांकडं बघितलं नाही, कारण कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त कौशल्याबाईंनी बघितलं.

"कंपनीची चूक," भगवंतराव म्हणाले. "आजकालचा मालच कच्चा. थांबा, मी जोडतो." आणि पिशवीतून हातोडी काढली.

"ठेवा ते खाली," कौशल्याबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण हॉटेलातल्या वेटरनंसुद्धा हातातला ट्रे खाली ठेवला.

सीमानं आपल्या पिशवीतून चेन ब्रेकर काढला होता. त्याच्याकडं बघत म्हणाली, "वाकलेली कडी काढता येईल. पण मधे जोडायला काही नाही. दोन्ही टोकांना आतल्या कड्या राहतील, आणि आतली कडी आतल्या कडीला जोडता येत नाही. मधे क्विक लिंक लागते. आपली तर..." ती थांबली. चेनीकडं बघितलं, मग सासऱ्याकडं. ती मास्तरीण होती. चेनीत क्विक लिंक कुठंच नव्हती, हे तिला ढकलत येताना दोन किलोमीटर दिसत होतं. "बाबा, ती लागली होती ना?"

कौशल्याबाईंनी बटव्यात हात घातला. दोन पत्र्या बोटाला लागल्या. काढून टेबलावर ठेवल्या की काम झालं असतं. पण त्यांनी मूठ बंदच ठेवली. इतकी वर्षं पाळलेला तो एकच नियम आज मोडायचा होता, आणि मोडायचाच तर माणसाला एक संधी द्यावी, एवढी माया त्यांच्यात होती.

"तुमी सांगता," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "का मी सांगू?"

भगवंतरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आजूबाजूला आठ-दहा सायकलवाले, सगळे घामाघूम, सगळे बघत.

"मी ठोकली पिन," ते म्हणाले. "काल. त्या पुडीत मासोळी नोती. मले वाटलं कंपनी इसरली. ते कसं लागते, मले..." इथं त्यांचा घसा अडकला. "मले माईत नोतं. पत्र्या मी फेकल्या. आन तुले लागली म्हनून सांगतलं."

सीमानं चेन टेबलावर ठेवली. ती रडेल असं कौशल्याबाईंना वाटलं, आणि त्यांनी मूठ उघडून टेबलावर दोन पत्र्या ठेवल्या. एकीला सुपारीचा तुकडा चिकटला होता.

"धुऊन घे," त्या म्हणाल्या. "सुपारी चेनीत गेली तं अमरावतीपर्यंत वास येईन."

कुणीतरी फस्सकन हसलं. सीमाही हसली, आणि उठली.

पुढं जे झालं ते कौशल्याबाईंनी नंतर गल्लीत इतक्यांदा सांगितलं की जमुनालाही चेन जोडता येईल. सीमानं वाकलेल्या कडीची जी पिन अजून जागेवर होती ती शोधली. चेन ब्रेकरच्या खाचेत चेन नीट बसवली, सुई बरोबर पिनेच्या डोक्यावर आणली आणि मूठ फिरवली. आधी घट्ट, मग 'कट्ट' झालं आणि पिन सरकायला लागली.

"अर्धीच काढ!" भगवंतरावांच्या तोंडून सवयीनं निघालं. "अडकून राहू दे पत्रीत!"

"अजून बोलतेच हा मानूस," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पूर्ण काढायची बाबा," सीमा म्हणाली. "ही पत्री आता लागणारच नाही." पिन खाली पडली, तिच्यामागं वाकलेल्या दोन्ही पत्र्या. आता दोन्ही टोकांना आतल्या बारीक कड्या.

मग तिनं चेन मागच्या गिअरच्या लोंबत्या हातातून ओवली. त्यात दोन बारकी चाकं असतात, आणि मधे एक छोटी जीभ. घाईत चेन जिभेच्या बाहेरून गेली. सीमानं थांबून बघितलं, स्वतःलाच एक शिवी दिली (कौशल्याबाईंनी ती ऐकली नाही असं ठरवलं), ओढून काढली आणि परत आतून ओवली. चेन पुढच्या दातेरी चाकावरून काढून आत पाडली, म्हणजे ढील मिळाली. तरी मागची स्प्रिंग चेन खेचत होती, टोकं जवळ येऊन परत पळत होती.

तेव्हा भगवंतरावांनी खिशातून तारेचा एक तुकडा काढला. मोडक्या आऱ्याचा तुकडा त्यांच्या खिशात कायम असायचा, कान कोरायला. पक्कडीनं त्याची दोन्ही टोकं वाकवली आणि तो आकडा चेनीच्या दोन्ही टोकांना अडकवला. टोकं जवळजवळ स्थिर झाली.

"हे माईत हाये मले," ते हळूच म्हणाले.

"हे माईत आहे तुम्हाला," सीमा म्हणाली.

तिनं एक पत्री अलीकडून घातली, दुसरी पलीकडून, उलट्या तोंडानं. एकीची खुंटी दुसरीच्या लांबट भोकाच्या रुंद बाजूत गेली. मग चेन दोन्हीकडं ओढली, खुंट्या अरुंद बाजूकडं सरकल्या. आकडा काढला, चेन दातेरी चाकावर चढवली. पेडल उलटं फिरवून ती जोडकडी वरच्या बाजूला, मधोमध आणली. मागचा ब्रेक दाबून धरला आणि पेडलवर पायानं जोर दिला.

टक्.

"झालं?" भगवंतरावांनी विचारलं.

"झालं."

ते गुडघ्यावर वाकून बघायला लागले. दोन पत्र्या, मधे काहीच नाही, आणि जितकी ओढावी तितकी घट्ट. "म्हंजे मासोळी लागतच नाई?"

"नाही लागत."

"आयला," भगवंतराव म्हणाले.

तीन पन्नासला सीमा निघाली. भाकर हातात, ठेचा ओठाला लागलेला.

नवरा-बायको एस.टी.नं परत निघाले. बडनेऱ्याच्या पुढं खिडकीतून कौशल्याबाईंना ती दिसली. समोरून वारा, डोकं खाली, पाय फिरतायत. त्यांनी हात बाहेर काढला, मग नियम आठवला आणि आत घेतला. हात हलवला तर मदत होते का, हे त्यांनी गोपाळकृष्णांना विचारलं नव्हतं.

अमरावतीत शेवटच्या चौकीवर एक खुर्ची, एक ट्यूबलाइट आणि वीसेक माणसं. सात वाजले. सात दहा. जमुनासुद्धा आली होती, भाजी घ्यायला म्हणून. हातात पिशवी रिकामी. सात वीसला मागच्या वळणावर दिवा दिसला. सात एकवीसला सीमा आली आणि सायकलवरून अक्षरशः गळून पडली. नऊ मिनिटं आधी.

कौशल्याबाईंनी जमुनाकडं बघितलं, मग तिच्या रिकाम्या पिशवीकडं.

सायकलभोवती पोरं जमली. एकानं चेन बघून भगवंतरावांना विचारलं, "काका, ही क्विक लिंक नऊ गिअरच्या चेनीची दहा गिअरच्याले चालते का?"

भगवंतरावांनी छाती पुढं काढली. तोंड उघडलं. कौशल्याबाईंनी पदर खोचला. मग भगवंतरावांनी ती छाती परत मागं घेतली.

"मले नाई माईत," ते म्हणाले. "सुनेले इचार, तिले दम खाऊ दे."

"नाही चालत," सीमा जमिनीवरूनच म्हणाली. "जेवढ्या गिअरची चेन, तेवढ्याचीच."

कौशल्याबाई नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जमुना दोन पावलं पुढं सरकली. सरकू दे, म्हणून त्यांनी आवाज आणखी चढवला.

"हे पाहा," त्या म्हणाल्या, "आज दोन डाव खरं बोलले तुमी. लगन झाल्यापासून एवढं एका दिवसात कधी झालं नोतं, म्हनून घरात घेतो. पन पोरीले दोन किलोमीटर उन्हात पायी तुमी चालवलं, आन मी कालच तोंड उघडलं असतं तं चाललीच नसती, हे दोनी मी इसरत नसतो. उद्यापासून पाटीवर नाव तुमचंच राहीन. गिअरच्या सायकलीले हात मात्र सीमाले इचारल्याबिगर लावाचा नाई. आन ते दोन पत्र्या डोये मिटून जोडता-काढता येत नाई तोपर्यंत मायाकून चाहा मांगाचा नाई. आता काय पाहून राहिले तोंडाकडं? उचला ते सायकल, पोरगी दमली हाये."